लॉकरची पाटी, सही आणि चावी: पाहुण्यांना न दुखावता हॉटेलला सांभाळणारा मजकूर

प्रश्न: संभाजीनगरला जालना रोडवर आमचं 38 खोल्यांचं हॉटेल आहे. लग्नसराईत निम्म्या खोल्या वऱ्हाडाच्या असतात. खोल्यांत लॉकर बसवलेत. "मौल्यवान वस्तूंना हॉटेल जबाबदार नाही" असा बोर्ड लावला तर लोक नाराज होतात, नाही लावला तर उद्या कुणी दागिने गेले म्हणालं की आम्ही अडकतो. पाहुण्यांवर संशय घेतल्यासारखं वाटणार नाही आणि हॉटेलही सुरक्षित राहील, असा मजकूर कसा लिहावा?

उत्तर:

तो बोर्ड आधी उतरवा. पाहुणे नाराज होतात हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ज्या दिवशी त्याची गरज पडेल, त्या दिवशी तो बोर्ड तुमच्या उपयोगी पडणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात हे पुरतं स्पष्ट केलं. 1998 साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली आणि ती चोरीला गेली. पार्किंगच्या टोकनवर "गाडी मालकाच्या जोखमीवर" अशा अर्थाची ओळ छापलेली होती. न्यायालयाने म्हटलं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून अशी ओळ छापून हॉटेलला सुटता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवून द्यायचं. गाडीची चावी बाहेरच्या माणसाच्या सहज हाती लागेल अशी ठेवली होती, हॉटेल तिथे अडकलं.

इंग्लंडमधला 1949 चा ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट हा निकालही याच जातीचा आहे. बाईंनी रिसेप्शनला पैसे भरले, खोलीत गेल्या, आणि "हॉटेल जबाबदार नाही" ही सूचना तिथे भिंतीवर. करार तर खाली काउंटरवरच होऊन गेला होता, म्हणून खोलीतली पाटी त्यांना लागू नाही असं कोर्टाने ठरवलं. त्यांचे फरचे कपडे गेले, कारण खोलीची चावी रिसेप्शनच्या खिळ्यावर उघडी टांगलेली होती. दोन्हीकडे मजकूर होता आणि दोन्हीकडे चावीने घात केला. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

म्हणजे मजकूर तुम्हाला जबाबदारीतून सोडवेल अशी अपेक्षा करू नका. त्याने तीन गोष्टी सिद्ध करायला मदत करावी: सोय होती, ती पाहुण्यांना वेळेत सांगितली होती, आणि सोयीवर हॉटेलचं नियंत्रण होतं. हे तिन्ही सांगताना कुणावर बोट दाखवावं लागत नाही. म्हणूनच कमी बोचरा मजकूर जास्त टिकतो.

आता शब्दांकडे. मराठीत वस्तू जाण्याचे तीन शब्द आहेत आणि प्रत्येकात दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं असतं. "हरवली" म्हटलं की पाहुणा वेंधळा. "चोरीला गेली" म्हटलं की तुमचा रूमबॉय चोर. "सापडत नाही" म्हटलं की कुणीच काही नाही, फक्त वस्तू जागेवर नाही. पाटीवर, रजिस्टरमध्ये आणि तोंडी बोलताना हा तिसरा शब्द रुळवा. "गहाळ" सरकारी आहे आणि त्याला तक्रारीचा वास येतो, तो पोलीस स्टेशनच्या कागदापुरता ठेवा.

दुसरी खोड नकाराची. "दागिने खोलीत उघड्यावर ठेवू नयेत", "कर्मचाऱ्यांकडे वस्तू देऊ नयेत", "तक्रार ऐकली जाणार नाही याची नोंद घ्यावी" ही तहसील कचेरीच्या भिंतीवरची भाषा झाली. तीच गोष्ट "बाहेर पडताना दागिने लॉकरमध्ये ठेवून जा" अशी लिहिली की ती घरच्या माणसाने दिलेली आठवण होते. कर्मचाऱ्यांचा उल्लेख पाटीत करूच नका, "आमचे कर्मचारी प्रामाणिक आहेत" असासुद्धा नाही. न विचारता दिलेली ग्वाही संशय पेरते.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. "तुमच्याशिवाय हे लॉकर कोणीही उघडू शकत नाही" असं छापणं. खोलीतल्या जवळपास प्रत्येक लॉकरला मास्टर कोड असतो किंवा आणीबाणीची चावी असते, बहुतेक वेळा दोन्ही. पाहुणा नंबर विसरला की तुम्हीच ते उघडून देता. मग ते वाक्य खोटं ठरतं, आणि त्या एका खोट्यामुळे बाकीचा खरा मजकूरही पडतो. त्याऐवजी दुसरी वाट कोणती आहे आणि ती कशी वापरली जाते ते सरळ सांगा.

लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचं कार्ड असं असू द्या:

"हे लॉकर तुमच्यासाठी आहे. बाहेर पडताना दागिने, रोकड आणि कागदपत्रं यात ठेवा. नंबर तुम्ही स्वतः निवडायचा आहे. आम्ही तो विचारत नाही आणि लिहून ठेवत नाही. नंबर आठवेना किंवा दार उघडेना, तर रिसेप्शनला 9 वर फोन करा. मॅनेजर आणि आणखी एक जण वर येतील, तुमचं ओळखपत्र पाहून तुमच्यासमोर लॉकर उघडतील आणि रजिस्टरला तुमची सही घेतील. जास्त किमतीच्या किंवा यात न मावणाऱ्या वस्तू पावती घेऊन रिसेप्शनला ठेवता येतात. त्याला वेगळे पैसे नाहीत."

यात चोरी नाही, जबाबदारी नाही, धमकी नाही. तरी सोय, पद्धत आणि पर्याय तिन्ही आले. ओळखपत्र आणि सही मागण्यातून पाहुण्याला संशय जाणवत नाही, कारण ती त्याच्याच मालाची राखण आहे हे वाक्यातून दिसतं. फोनचा नंबर तुमच्या इंटरकॉमप्रमाणे बदला. मराठीखाली हिंदी आणि इंग्रजीही छापा. वेरूळ-अजिंठ्याला जाणारा परदेशी पाहुणा उतरतो तिथे इंग्रजी लागतंच, आणि नांदेडला हॉटेल असतं तर गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंसाठी पंजाबीही छापायला सांगितलं असतं.

हे कार्ड मात्र आठवण म्हणूनच चालतं. ऑलीचा धडा असा की बांधून ठेवणारा मजकूर खोलीत जायच्या आधी पाहुण्यासमोर यायला हवा. तो चेक-इनच्या कार्डावर घ्या, सगळ्या अटींच्या बारीक अक्षरांत न दडपता वेगळ्या चौकटीत, बाकी कार्डाइतक्याच अक्षरांत, आणि त्या चौकटीला स्वतंत्र सही. लग्नाचं बुकिंग असेल तर हाच मजकूर अॅडव्हान्स घेण्याआधी व्हॉट्सअॅपवर यजमानांना जाऊ द्या. वऱ्हाडात वीस खोल्यांच्या चाव्या एकच मामा घेऊन जातात आणि सही त्यांची एकट्याची असते. निदान प्रत्येक खोलीतल्या एका मोठ्या माणसाची सही घ्या. चावी वाटताना हे काम दोन मिनिटांत होतं, नंतर कधीच होत नाही.

चौकटीतला मजकूर:

"खोलीतल्या लॉकरची आणि रिसेप्शनला पावतीवर वस्तू ठेवण्याची सोय मला सांगितली आहे. रिसेप्शनला पावतीवर दिलेल्या वस्तू हॉटेलच्या ताब्यात असतात. खोलीत किंवा खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवलेल्या वस्तू माझ्या ताब्यात असतात. एखादी वस्तू सापडत नसेल तर मी लगेच, शक्यतो चेक-आउटपूर्वी, ड्यूटी मॅनेजरला कळवीन, म्हणजे नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवता येईल. हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास माझे हक्क या मजकुराने कमी होत नाहीत."

शेवटचं वाक्य वाचून मालक हमखास दचकतात आणि खोडायला बघतात. खोडू नका. तो हक्क पाहुण्याला तुम्ही लिहा न लिहा मिळतोच, तुम्ही नवीन काही देत नाही. उलट ते वाक्य असल्याने बाकीची चौकट एकतर्फी वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये "अन्याय्य करार" ही वेगळी कल्पना आली आहे आणि एकतर्फी अटी त्या चष्म्यातून बघितल्या जातात. "शक्यतो" हा शब्दही तसाच ठेवा. "चेक-आउटनंतर तक्रार चालणार नाही" असं लिहिलं तर घरी पोचल्यावर पेटी उघडणाऱ्या माणसाला तुम्ही आधीच खोटं ठरवता.

ताब्याचा फरक का लिहायचा, तर कायदाच वेगळा लागतो म्हणून. वस्तू तुमच्या हाती सोपवली की भारतीय करार कायदा, 1872 मधला निक्षेप होतो. कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्हाला घ्यावी लागते. खोलीतल्या लॉकरमध्ये पाहुणा स्वतः ठेवतो, नंबर त्याचा. तिथे तुमच्यावर येतं ते लॉकर, दार आणि आणीबाणीच्या चावीचं नियंत्रण. बरीच हॉटेलं दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात आणि मग रिसेप्शनच्या पावतीवरही "हॉटेल जबाबदार नाही" छापतात. स्वतः ताब्यात घेऊन जबाबदारी नाकारणं हास्यास्पद दिसतं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत नुकसानभरपाईची एक ठरावीक कमाल रक्कम असते. इंग्लंडमध्ये 1956 च्या कायद्याने हॉटेलची जबाबदारी एका वस्तूला 50 पाउंड आणि एका पाहुण्याला एकूण 100 पाउंड अशी बांधून दिली आहे, ठरलेली सूचना योग्य जागी लावली असेल तर. तिथे पाटीमागे कायदा उभा आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे ते आकडे रुपयांत बदलून छापण्यात अर्थ नाही. मर्यादा घालायची ती स्वीकारण्यावर घाला: "एका लिफाफ्यात पाहुण्यांनी सांगितलेल्या किमतीप्रमाणे 2 लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू आम्ही ठेवून घेतो." हा आकडा तुमच्या विम्याच्या पॉलिसीत पाहुण्यांच्या ठेवीसाठी जितकं संरक्षण आहे त्यावरून काढा. विमा एकूण 5 लाखांचा आणि तिजोरीत दहा लिफाफे 2 लाखांचे, हे गणित जुळत नाही.

रिसेप्शनच्या लिफाफ्यात एक नाजूक जागा आहे. पोलीस पंचनाम्यात "पिवळ्या धातूची साखळी" लिहितात, कारण सोनं तपासलेलं नसतं. काउंटरवर तसं लिहिलं तर काकूंचा चेहरा उतरतो: "म्हणजे आमचं खोटं आहे का?" आणि "सोन्याची चार तोळ्यांची साखळी" लिहिलं तर न तोलता तुम्ही चार तोळे कबूल केले. सुटका अशी की आत काय आहे ते लिहूच नका. जाड लिफाफा, पाहुण्याने स्वतः बंद केलेला, झाकणावर आडवी सही, सहीवरून रुंद पारदर्शक टेप, आणि क्रमांक लिफाफ्यावर व पावतीवर एकच. पावतीवर: "बंद लिफाफा क्रमांक अमुक मिळाला. आतल्या वस्तू आम्ही पाहिलेल्या नाहीत. पाहुण्यांनी सांगितलेली किंमत इतकी. पावती आणि सही जुळल्यावर लिफाफा जसा दिला तसा बंद परत मिळेल." देताना टेप शाबूत असल्याचं पाहुण्याला दाखवा आणि "बंद स्थितीत मिळाला" यावर सही घ्या. परत देण्याची वेळही छापा. वऱ्हाडाला पहाटे पाचला दागिने लागतात आणि तिजोरीची चावी असलेला मॅनेजर नऊला येतो, असं झालं की सगळा गोडवा जातो.

आता चावीकडे येऊ. तुमच्या कार्डावर "मॅनेजर आणि आणखी एक जण" लिहिलंय, म्हणजे तसंच घडलं पाहिजे. लॉकर बसवताना कारखान्याचा मास्टर कोड बदलला का ते आजच बघा. सारखे सहा शून्य किंवा असाच एखादा सोपा आकडा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि ती पुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मिळते. कोड जपून ठेवायचा, कपाटावर चिकटवायचा नाही, आणि ज्याला माहीत होता तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी बदलायचा. आणीबाणीच्या चाव्या रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये पंचपाळ्यासारख्या सर्वांच्या हाताखाली नकोत. बंद पेटीत ठेवा, आणि वेळ, खोली, कारण, दोघांच्या सह्या असं रजिस्टर शेजारी. लॉकर भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला बोल्टने आवळलंय का तेही पाहा. नुसतं ठेवलेलं लॉकर बॅगेत घालून नेता येतं, मग आतला नंबर कुणी निवडला याला किंमत उरत नाही.

बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटच्या शंभरेक उघडझापांची नोंद राहते: वेळ, आणि पाहुण्याच्या नंबराने उघडलं की मास्टरने. तुमचा खरा साक्षीदार हाच. पण लॉकरचं घड्याळ बरोबर असेल तरच. सेल पूर्ण उतरले किंवा बदलायला वेळ लागला की काही लॉकरांचं घड्याळ भलतीच वेळ दाखवतं. सेल बदलले की वेळ तपासायची, आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर, दाराचं कार्ड-लॉक, लॉकर या तिन्हींची घड्याळं महिन्यातून एकदा मोबाइलच्या वेळेशी जुळवायची.

समजा, हळदीच्या रात्री पावणेबाराला 214 मधल्या काकू खाली येतात: पाटल्या नाहीत. काउंटरवरच्या मुलाच्या तोंडून सहसा पहिलं वाक्य निघतं, "नीट बघितलं का?" तिथेच काम बिघडतं. त्याला एवढंच शिकवा: "पाटल्या सापडत नाहीत ना काकू? बसा, मी लिहून घेतो आणि मॅनेजरसाहेबांना लगेच बोलावतो." काकूंना पाणी द्यायचं आणि कागदावर चार गोष्टी घ्यायच्या: वस्तूचं वर्णन त्यांच्याच शब्दांत, शेवटची कधी पाहिली, कुठे ठेवली होती, आणि त्या वेळेपासून खोलीत कोण कोण होतं. "कोणावर संशय आहे का" हे विचारू नका. ते विचारणं पोलिसांचं काम, आणि उत्तरात एखाद्या मुलाचं नाव आलं की ते लॉबीभर होतं.

काकू सांगतात, दुपारी चारला लॉकरमध्ये ठेवल्या. मॅनेजर आणि दुसरा कर्मचारी वर जातात, काकूंसमोर नोंद काढतात. 4:05 ला बंद, 6:12 ला पाहुण्याच्या नंबराने उघडलं, 6:14 ला बंद, त्यानंतर 11:31. मास्टरची नोंद नाही. दाराच्या कार्ड-लॉकवर हाउसकीपिंगचं कार्ड सकाळी 10:55 नंतर लागलेलं नाही. इथे "लॉकर तर तुम्हीच उघडलंय" असं म्हणण्याचा मोह होतो. खरं असलं तरी ते आरोपासारखं लागतं. म्हणायचं असं: "काकू, लॉकर 6:12 ला उघडून 6:14 ला बंद झाल्याचं दिसतंय. त्या वेळी इथे कोण तयार होत होतं, आठवतं का?" माहिती तीच, पण आता दोघं मिळून शोधताय. नंबर कुणाकुणाला सांगितला होता हे काकू स्वतःच आठवायला लागतात.

तरी सापडल्या नाहीत, तर त्या दिवसाचं चित्रण त्याच रात्री पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो. नोंदींची प्रत काढा, कागदावर काकूंची आणि मॅनेजरची सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. सांगायचं एवढंच: "नोंदी जपून ठेवल्या आहेत. पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर आमचा माणूस सोबत येईल." "आम्ही भरून देऊ" नाही आणि "आमचा संबंध नाही" तर नाहीच. पाहुण्यांसमोर रूमबॉयच्या पिशव्या उलट्या करून दाखवू नका. त्यातून गुन्हा तुमच्या माणसानेच केला असं तुम्ही स्वतः जाहीर करता, आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. विमा कंपनीला मात्र लगेच कळवा, उशिरा कळवलेल्या दाव्यांवर त्या हरकत घेतात.

उलटी बाजूही येते: पाहुणे गेले आणि लॉकर बंदच आहे. दोघांनी मिळून उघडायचं, फोटो काढायचा, रजिस्टरला लिहायचं, वस्तू क्रमांकाच्या लिफाफ्यात घालून तिजोरीत. बुकिंगच्या नंबरावर मेसेज पाठवताना वस्तूचं नाव, खोली नंबर आणि मुक्कामाची तारीख टाळा. तो फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही, आणि काही मुक्काम घरी माहीत नसतात. "नमस्कार, तुमची एक वस्तू आमच्याकडे जपून ठेवली आहे. सवडीने रिसेप्शनला फोन करा," एवढं पुरतं. वस्तूचं वर्णन फोन करणाऱ्याने करायचं, आपण नाही.